लिंबाचे डाग

दांडी गावच्या मासळी विकणाऱ्या मावशींनी मला वाचवलं, हे आधी सांगते. बाकीचं मग.

आठवीत शाळा सुटली. पुढे वाशिमकडचं गाव सोडून बोईसरला आले नि नळ-बेसिनच्या दुकानात लागले. तिथे आधीपासून कामाला असलेल्या ताईंनी मला स्वतःच्या खोलीत जागा दिली, कामही शिकवलं. स्टीलच्या बेसिनवर किल्ली ओढून दाखवली, ओरखडा उठला. पण हे आपटलं तर पोचा येईल, टवका उडणार नाही, म्हणाल्या. सिरॅमिकवर ओरखडा सहजी उठत नाही, घासायला सोपं. मात्र काठावर तांब्या पडला की टवका उडतो. काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके धरतात, रोज पुसावी लागते. शेवटी संगमरवराच्या तुकड्यावर त्यांनी लिंबू पिळलं. बारीक फेस आला. पुसलं तर तिथली चमक गेलेली. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं.

मावशी नव्या घरासाठी बेसिन घ्यायला आल्या. मासळी साफ केली की हाताला लिंबू चोळतो, असं त्यांच्या बोलण्यात आलं. मी म्हटलं, मग संगमरवराचा पांढरा दगड नको, सिरॅमिक घ्या. ते आहे का बघायला गोदामात गेले. परत येते तर बिल संगमरवराचं झालेलं. ते बेसिन कधीपासून पडून होतं, शेठना खपवायचं होतं. ताई मावशींना सांगत होत्या, पोरगी नवीन आहे, उगाच घाबरवते. काउंटर माझा, म्हणून बिलावर नावही माझंच. मी गप्प राहिले. राहायला ताईंच्याच खोलीत होते ना.

महिन्याभरात मावशी फोनमध्ये फोटो घेऊन आल्या. दगडावर मळकट डाग, कितीही घासले तरी न जाणारे. कोणी विकलं, शेठनी विचारलं.

"हिनंच," ताई म्हणाल्या. "मी तर नको म्हणत होते."

शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "ओ शेठ, ही पोरगी नको बोलत होती. काय होत नाय, असं ही दुसरी बोलली. मी मासळी विकते. शिळं कोण खपवतं, ते मला कळतं."

शेठनी सिरॅमिकचं बेसिन बदलून दिलं, मला ठेवलं. ताईही राहिल्या. संध्याकाळी खोलीवर त्यांनी रोजच्यासारखं मला ताट वाढलं. लिंबाने काय होतं ते मला त्यांनीच दाखवलं होतं. त्यांना माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

मावशींचे त्या दिवशी नीट आभारही मानले नाहीत. पण कधी त्यांच्यावर खोटा आळ येऊ दे, मी भर दुकानात त्यांच्या बाजूने बोलेन. हा माझा शब्द.