लसण्याची रेघ

उल्हासनगरात एका सिंधी शेटच्या दुकानामागे मी खडे घासायचो. पैलू पाडण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी मला भारी घमेंड होती. शेटचा हिशेब सरळ होता: स्वच्छ माणकाला पैलू पाडायचे, उजेड आतून उसळला की भाव चढतो. ढगाळ निघालं तर घुमटासारखं गोल घासायचं आणि स्वस्तात काढायचं.

एकदा शेट दोन दिवस बाहेरगावी गेला आणि मधाच्या रंगाचा लसण्याचा खडा माझ्या हाती राहिला. इतका स्वच्छ माल गोल घासून स्वस्तात घालवायचा? छे! मी जीव ओतून पैलू पाडले.

शेटने परतल्यावर खडा दिव्याखाली फिरवला. "रेघ किधर है?"

लसण्यावर मांजराच्या डोळ्यासारखी सरकती रेघ दिसते, पण फक्त गोल पाठीवर. त्याचा भाव त्या रेघेचाच. माझ्या पैलूंवर ती कुठेच नव्हती.

संध्याकाळी अंबरनाथचे एक साहेब केतूच्या शांतीसाठी लसण्याची अंगठी करायला आले. मी अजूनही ऐटीत खडा पुढे केला. त्यांनी तो कौतुकाने पाहिला.

"सुंदर आहे हो," ते म्हणाले, "आता लसण्या दाखवा."