प्लास्टरवरचा झगा

दाराची कडी वाजली की आमची पोरगी मशीनखाली पाय ओढून घ्यायची. मी तिची आत्या. माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत तिनं शिवणकाम सुरू केलेलं, त्यामुळे हे रोज बघणं माझ्या नशिबी. कडी वाजवणारीच्या हातात पिशवी असायची आणि पिशवीत हिनेच शिवलेला ड्रेस.

चूक हिचीच. घाईघाईत सुती अस्तर पाण्यातून न काढताच कापलं. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड होतं तेवढंच राहिलं आणि महागडे ड्रेस पोटावर चुण्या घेऊन परत आले. त्यात प्रत्येकीचं माप वेगळं, गळा वेगळा, तीन-तीनदा घालून बघणं. दुरुस्ती फुकट ती वेगळीच. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

तिच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, निर्वाणीचं सांगितलं: महिनाअखेरपर्यंत जम बसला नाही तर मशीन विकायचं आणि तिनं परत कपड्यांच्या कारखान्यात जायचं. तिथे तिनं दोन वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या होत्या. संडासला जायलाही मुकादमाची परवानगी लागायची. कारखान्याचं नाव काढलं की तिचे ओठ पांढरे पडत. आणि इथे कात्री उचलली की परत खाली ठेवी. करणार काय?

अशात मी बाथरूममध्ये घसरले. डावा हात मोडला, दंडापर्यंत प्लास्टर. एकही बाही चढेना. मी चादर गुंडाळून बसले आणि शेवटी कावले. "काप माझा झगा!"

"आत्या, बिघडला तर?"

"अगं बये, मी चादरीत बसलेय! आणखी काय बिघडायचंय?"

तिनं डोळे मिटल्यासारखे करून गळ्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत बाही उघडी केली आणि टिचबटणं लावली. ती दाबायला गेले तर मोडक्या हातावर असा दाब आला की मी किंचाळले. पोरगी रडकुंडीला आली. मग बटणं काढून वेल्क्रो लावला. त्या दिवशी माझे कपडे माझी मी घातले, आणि खरं सांगते, एखादं राज्य जिंकल्यासारखं वाटलं.

हाडाच्या डॉक्टरांकडे गेले तर बाकावरच्या बायका विचारायला लागल्या, कुठून घेतला? घरी येऊन सांगितलं तर पोरगी मागे सरकली. "परत नवीन? परत तक्रारी?" मला तिच्यापेक्षा जास्त भीती होती, पण दाखवते कशाला! मी म्हटलं, दहा-बारा शिव. तिनं भीतीने दोनच शिवले.

बरं झालं. दवाखान्यात पहिल्याच बाईचा मोडलेला हात निघाला उजवा. आणि हिचे दोन्ही झगे डावीकडे उघडणारे, कारण माप माझं! पोरीनं झगे परत पिशवीत कोंबले. आता ही पळणार, असं मला वाटलं. पण ती त्या बाईशेजारी बसली आणि म्हणाली, "मावशी, एकटीनं घालताना नेमकं कुठे अडतं?"

गिऱ्हाइकाला असं काही विचारताना मी तिला प्रथमच पाहिलं. बाई भडाभडा बोलल्या. नवऱ्याला हाक मारावी लागते, लाज वाटते, डोक्यावरून घालताना हात उचलत नाही. नर्सबाई मध्येच म्हणाल्या, वेल्क्रो उघडा ठेवून धुतला तर त्यात दोरे अडकतात.

घरी येऊन तिनं सगळं उसवलं. आता दोन्ही खांदे उघडणारे. अस्तर नाही, कापड आधी पाण्यातून काढलेलं. मापं तीनच, लहान, मध्यम, मोठं, आणि सगळी सैल. त्यामुळे कापडाचे चार थर एकदम कापता येतात आणि घालून बघायची भानगडच नाही. आत चिठ्ठी शिवली: वेल्क्रो बंद करून धुवा. आधीसारख्या मापाच्या ड्रेसच्या नव्या ऑर्डरी सरळ नाकारल्या. ते ऐकून मी डब्यातले पैसे मोजायला घेतले.

त्या बाईंनी नवा झगा घरी नेला आणि एकटीनं घातला. पुढच्या खेपेला नर्सबाई म्हणाल्या, "दवाखान्यातल्या बायकांसाठी पन्नास दे."

"आधी पाच देते. निम्मे पैसे आगाऊ," पोरगी म्हणाली.

"लक्ष्मी चालून आली आणि तू दार लोटतेस?" बाहेर आल्यावर मी फणकारले.

"आत्या, मला भीती वाटते ना. म्हणून पाचच."

महिनाअखेरीला माझा दादा, पोरीचा बाप, आला. मशीन घेणारा संध्याकाळी येणार होता. पाच झगे घडी घालून ठेवलेले.

"हे चालतील याची खात्री आहे?" दादानं विचारलं.

"नाही." ती म्हणाली. "बायकांना चार दिवस वापरू दे. काय फाटलं, काय टोचलं, ते मी स्वतः विचारायला जाणार आहे. मग पुढचे कापीन."

दादानं एक झगा उलगडून वेल्क्रो उघडून बघितला. तिनं नजर खाली घातली नव्हती. त्यानं फोन लावला आणि मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मी आत गेले, दार लावलं आणि एका हातानं तोंड दाबून रडले.