बरोबरी झाली तर

आमच्या जळगावच्या ऑफिसात शब्दकोड्यांची स्पर्धा ठरली, तेव्हा क्लबचा चिटणीस म्हणून नियमांचा मेल मीच सगळ्यांना पाठवला. बरोबर शब्दाला दोन गुण, चुकलेल्याला एक वजा, रिकाम्या जागेला शून्य. बरोबरी झाली तर ज्याच्या चुका कमी तो विजेता. चुकाही सारख्याच असतील, तरच कागद आधी देणारा. लोकांनी बहुतेक फक्त चहा-नाश्त्याची ओळ वाचली.

अंतिम फेरीत पंधरा शब्द होते. आमचे साहेब, म्हणजे नाना, यांनी सगळे भरून कागद आधी दिला. बारा बरोबर, तीन चूक. धुळ्याच्या शाखेतल्या अक्कांचे अकरा बरोबर, एक चूक, तीन रिकामे. दोघांचेही एकवीस.

"कागद आधी दिला, नाना जिंकले!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. नानांनी जिलेबीसुद्धा मागवली.

खरं सांगतो, मी गप्पच बसणार होतो. साहेबांपुढे गप्प बसण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली आणि ते मला आतून खातं. पण या वेळी नियम माझाच होता.

"नाना, चुका कमी आहेत. अक्का जिंकल्या."

"अरे, जागा रिकाम्या सोडल्याचं बक्षीस?"

"येत नाही ते मी ठोकून देत नाही, नाना," अक्का म्हणाल्या.

 नाना हसले आणि बक्षिसाचा कप अक्कांपुढे सरकवला. "बरं, जिलेबी तरी माझी?"

"ती बठ्ठासले शे!" अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे ती सगळ्यांना आहे, आणि पहिली माझ्या हातावर ठेवली.