ताप असूनही

नाकाडे सरांच्या इंग्रजीच्या तासाला पुस्तकातला पीटर कधी बाजारात गेला नाही, की मेरीनं कधी केक केला नाही. जे काय करायचं ते वर्गातल्याच पोरांनी. विनोदनं नाला ओलांडायचा, ज्योत्स्नानं हरवलेला बैल शोधायचा आणि चंदननं अभ्यास न करता नापास व्हायचं. मुखरू नाकाडे मूळचे नागभीडकडचे, धानाच्या गावातले. एटापल्लीपलीकडच्या या जंगलातल्या शाळेत दोन-चार वर्षांसाठी म्हणून आले ते केस पिकेपर्यंत राहिले. बदलीचा अर्ज लिहायला घेतला की नेमकी एखादी पोर बरं इंग्रजी लिहू लागायची आणि अर्ज मागं पडायचा. बायको म्हणायची, "तुमाले घर कायले पाह्यजे? फळा आहे ना." बिचारीचं काही खोटं नव्हतं.

फळ्यावर आपलं नाव यावं म्हणून पोरं जीव टाकायची. मार्क मिळोत न मिळोत, सरांच्या वाक्यात नाव आलं की संध्याकाळपर्यंत गावभर. त्यातही मान मोठा 'तरीही'च्या वाक्याचा. वाटेत अडचण आली आणि तरीही पोरगं हटलं नाही, असं काही घडलं की सरांचा चेहरा खुलायचा. "ज्याले काईच आडवं आलं नाई, त्याचं वाक्य करून करू काय?" असं ते म्हणायचे. मोठ्या मनानं म्हणायचे. त्यातला धोका तेव्हा कुणालाच दिसला नाही, त्यांना तर नाहीच.

दहावीच्या पेपरात हा प्रश्न घरच्या पाहुण्यासारखा ठरलेला. अर्थ तोच ठेवून 'ऑल्दो'चं 'डिस्पाइट' करा, 'डिस्पाइट'चं 'ऑल्दो' करा. पोरं तिथंच माती खायची. 'जरी' आलं की 'तरी' आणायची आपली खोड. त्यामुळं 'ऑल्दो'नं सुरू केलेल्या वाक्यात पुढं 'बट' हमखास घुसायचा. सर खडू आपटून सांगायचे, "ऑल्दोले भरलं घर लागते. पुढं कर्ता पाह्यजे, क्रियापद पाह्यजे. डिस्पाइटचं तसं नाई, त्याले नुसतं नाम द्या, नाईतर आयएनजी लावलेलं क्रियापद द्या. इन स्पाइटचं बी तेच, पण त्याले 'ऑफ' लागतेच. आन डिस्पाइटच्या पुढं 'ऑफ' दिसला, त मी आहो आन तुम्ही आहा!"

हे सगळ्यांत उशिरा डोक्यात शिरलं ते दिव्याच्या. कोलू आणि सुकरीची ही थोरली. घरात गोंडी, शाळेत मराठी आणि वर हे तिसरं लचांड. तरी पोरगी चिवट. तिला नर्स व्हायचं होतं. 'डिस्पाइट'पुढं अख्खं वाक्य ठोकून द्यायची तिची सवय काही जाईना. "डिस्पाइट इट वॉज रेनिंग," असं लिहून ती इतक्या भरवशानं सरांकडं बघायची की रागवायलाही जड जायचं. फळ्यावर तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

धान कापणीचे दिवस होते. अर्धा वर्ग शेतावर. दिवाळीच्या सुट्टीआधीचा उजळणीचा शेवटचा तास, चुकवायचा नाही, असं सरांनी बजावून ठेवलं होतं. दिव्या आली ती ओढणी अंगाभोवती गच्च गुंडाळून. ऊन तापलेलं आणि ही कुडकुडत होती.

"काऊन बाई, हिव वाजून राह्यलं काय?" सरांनी विचारलं. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"थोडासाच ताप आहे सर. आज शेवटचा तास होता ना."

या भागात तापाचं नवल कुणाला? सरांना स्वतःलाच किती वेळा मलेरिया झाला होता, ते त्यांना आठवायचंही नाही. गावात औषधं देणाऱ्या आशाताईंकडं पाठवून रक्त तपासावं, हे त्यांच्या मनात आलं. आलं, हे नक्की. पण पोरगी ताप घेऊन आपल्या तासाला आली, या कौतुकानं ते इतके भरून आले की म्हणाले, "हा तास होऊ दे, मंग जाजो." टेबलाच्या खणातली तापाची गोळी दिली आणि फळ्याकडं वळून लिहिलं: ऑल्दो दिव्या हॅड फीवर, शी केम टू स्कूल.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. दिव्या हसली.

"आता तूच फिरव हे वाक्य," सर म्हणाले आणि खडू तिच्या हातात दिला. ती भिंतीला धरून उठली. अक्षर नेहमीसारखं नव्हतं, पण लिहिलं ते असं: इन स्पाइट ऑफ हर फीवर, दिव्या केम टू स्कूल. क्षणभर थांबून खाली आणखी एक: डिस्पाइट हॅविंग फीवर, दिव्या केम टू स्कूल. कुठं कर्ता घुसला नाही, कुठं 'ऑफ' सांडला नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तासानंतर ती आशाताईंकडं गेलीच नाही. आशाताईही कापणीलाच गेल्या असतील म्हणून थेट घरी जाऊन निजली. सरांनी कुणाला सोबत दिलं नाही, मागून चौकशी केली नाही. आईबाप राखणीला शेतातल्या माचीवर होते आणि घरी होती ती डोळ्यांनी अधू झालेली आजी. दुसऱ्या दिवशी सुकरी परतली तेव्हा लेक बोलत नव्हती. ताप मेंदूत गेला होता. जीप मिळाली, दवाखान्याच्या रस्त्याला लागली आणि वाटेतच सगळं संपलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा फळ्यावर पुस्तकातला पीटर आला. पोरांनी का म्हणून विचारलं नाही. सर शिकवत होते, खडू झिजत होता, एवढंच.

कोलूच्या घरी जायला त्यांचे पाय उचलत नव्हते. शेवटी एका रविवारी गेले. कोलूनं बाज टाकली. सुकरी दाराशी धान पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मग कोलू म्हणाला, "सर, एक विचाराचं होतं. विनोद म्हणे, तिचं नाव फळ्यावर लिवलं होतं. पोट्टीले लय हौस होती. काय लिवलं होतं जी?"

त्याला लेकीचं कौतुक ऐकायचं होतं. सरांनी मनातल्या मनात वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. 'ऑल्दो'नं सांगा, 'डिस्पाइट'नं सांगा, पुढं नाम जोडा नाहीतर अख्खं वाक्य. अर्थ तोच राहणार. आयुष्यभर त्यांनी हेच तर शिकवलं होतं. आणि मराठीत तर पळायला एवढीही जागा नव्हती.

"ताप असूनही दिव्या शाळेत आली," ते म्हणाले.

कोलूनं मान हलवली. चेहऱ्यावर अभिमान उमटला आणि अर्ध्यातच थांबला.

सुपाचा आवाज बंद पडला. सुकरीनं नवऱ्याला गोंडीत काही विचारलं, त्यानं हळू आवाजात सांगितलं. तिनं सरांकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सरांना सोसला असता.

"तुमाले मालूम होता तिचा ताप?"

"हो बाई."

"साऱ्या वर्गाले?"

"हो."

"मले नव्हता मालूम," सुकरी म्हणाली. "मी माय. मलेच नव्हता."