चाळीस दिवसांची टाकी

वाल्मीक रामटेके बोलायला लागले की समोरच्याला चहा गार होईपर्यंत कप उचलता येत नसे. विषय अर्थातच शेण. भंडाऱ्याकडे आठ वर्षं गोबरगॅस बांधून हा गडी त्याच कामावर दिल्लीला आला होता. मयूर विहारात भाड्याचा फ्लॅट, बायको समता, आणि स्कूटरच्या डिकीत कायम एक ताणकाटा. शेजारी गॅसच्या सिलिंडरसाठी नंबर लावून बसलेले, आणि हे जिन्यात त्यांना म्हशीचं महत्त्व पटवून देणार.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात नोएडापलीकडच्या एका खेड्यात बिरमवती नावाच्या बाईनं अखेर हो म्हटलं, आणि वाल्मीक हरखून गेले. गावात आधीचा एक गोबरगॅस होता, सरपंचाचा. पहिल्याच थंडीत तो बंद पडला आणि आता त्यात कडबा भरून ठेवला होता. म्हणजे बिरमवतीचाही बंद पडला, तर या पंचक्रोशीत पुन्हा कुणी वाल्मीकना दारात उभं केलं नसतं. चुलीच्या धुरानं तिचे डोळे बाराही महिने लाल असत, ते तसेच राहिले असते ते वेगळंच.

त्यांनी कसर ठेवली नाही. बिरमवती म्हणाली, "आठ भैंस हैं, लिख लो." यांनी म्हशी लिहिल्या नाहीत. आठवडाभर रोज पहाटे जाऊन गोठ्यातलं शेण पाटीत घालून ताणकाट्याला टांगलं. दिवसाला शंभर किलो भरलं. तेवढंच पाणी, म्हणजे रोजचा काला दोनशे लिटर. त्यातून पुरता गॅस निघायला तो टाकीत तीस दिवस राहायला हवा, म्हणजे सहा हजार लिटरची टाकी. तीस हा आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. नकाशा ऑफिसातून मंजूर झाला, गवंड्यानं अंगणात चुन्याचं वर्तुळ आखलं.

खणायला सुरुवात व्हायची तेवढ्यात बिरमवतीनं ताकाचा पेला पुढे केला. वाल्मीकनी एका दमात संपवला आणि कौतुकानं म्हणाले, "हमारी मिसेस का दही पिछली सर्दी में जमा ही नहीं. कहती है, दिल्ली का दूध ही खराब है."

बिरमवती हसली. "दूध को क्यों दोष देते हो, भैया? सर्दी में दही डेढ़ दिन लेता है. हम तो हाँडी को रजाई ओढ़ाते हैं."

वाल्मीक पेला हातात धरून उभेच राहिले. टाकीतही दह्यासारखेच जिवाणू. थंडीत तेही सुस्तावणार. तीस दिवस हे भंडाऱ्याच्या उन्हाचे होते! गवंड्याला थांबवून ते धावतच सरपंचाच्या गोठ्याकडे गेले आणि गड्याला विचारलं, पाणी किती घालायचात. एका पाटीला दोन बादल्या, काला सरसर वाहावा म्हणून. वाल्मीकनी कपाळावर हात मारला. टाकी मुळात तीस दिवसांचीच, त्यात दीडपट काला. वीस दिवसांत कच्चं शेणच पलीकडून बाहेर पडत होतं, गॅस कुठून होणार?

ऑफिसात जाऊन त्यांनी टाकीच्या मापांच्या कोष्टकाचं कधीच न उघडलेलं पान उघडलं. या भागासाठी चाळीस दिवस, असं स्वच्छ छापलेलं होतं. साहेब म्हणाले, "रामटेके, नक्शा मंजूर है यार. बदलना है तो लिखकर देना होगा कि गलती तुम्हारी थी." वाल्मीकनी उभ्याउभ्या लिहून दिलं. लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. दोनशे गुणिले चाळीस, आठ हजार लिटर. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या चपलेनं जुनं वर्तुळ पुसलं आणि बिरमवतीला एकच पाटी, एकच बादली दाखवून तीनदा वदवून घेतलं, "बराबर का पानी."

जानेवारी उजाडला. धुक्यात स्कूटरचं पुढचं चाकही दिसत नव्हतं, तरी वाल्मीक निघाले. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. मागे समता बसली होती, एवढं कौतुक कशाचं ते बघायला.

अंगणात टाकीवरची लोखंडी टोपी आतल्या गॅसनं वर उचललेली दिसली आणि वाल्मीकनी घाईनं स्कूटर लावली. आत बिरमवतीनं कळ फिरवली, काडी लावली. निळी ज्योत भप्पकन पेटली आणि चहा चढला. तिच्या डोळ्यांतली लाली गेली होती.

समतानं चुलीशेजारची रजाईत गुंडाळलेली हंडी हळूच उघडून पाहिली. आत अजून नुसतं दूधच होतं.

"कल शाम का है," बिरमवती म्हणाली. "दही नहीं जमा, पर गैस जल रही है."

समता नवऱ्याकडे वळली. "अहो, म्हणजे दिल्लीचं दूध चांगलंच आहे."

वाल्मीकना त्यावर बरंच काही सांगायचं होतं. पण चहा समोर आला, आणि त्यांनी तो गरम असतानाच प्यायला.