उजव्या खांद्यावरचा पदर

त्या वेळी मी अंधेरीच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे. स्टेशनपासून पाच मिनिटांवर, वर पत्रे आणि पुढे काचेचं कपाट, एवढाच तो स्टुडिओ. मालक मूळचे मनोरीचे, ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे. कॅमेरा आणि काळोखी खोली त्यांची, माझं काम खिडकीजवळच्या उतरत्या डेस्कवर. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं भरून काढायचं. पेन्सिल निगेटिव्हच्या मॅट बाजूलाच धरते, चकचकीत बाजूवरून घसरते. त्यामुळे आम्ही मॅट बाजू वर ठेवून काम करायचो, आणि त्या बाजूने माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो. डावं उजवं होतं. हे मला झोपेतही ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

आमच्याच चाळीत, दोन दारं सोडून, माझी मैत्रीण राहायची. शाळेत एका बाकावर बसलो, मॅट्रिक एकत्र झालो. माझा लग्नासाठीचा फोटो मी स्वतःच्या हाताने रिटच केला होता. गालाची हाडं मऊ केली, नाक जरा आवरलं. तो फोटो तीन घरांतून परत आला. मग तिच्या आईने तिचा फोटो काढून घेतला. मालक म्हणाले, "डोळ्यांखालचं तेवढं काढ, पोरी." मी काढलं नाही. पेन्सिल फिरवल्यासारखी केली आणि निगेटिव्ह छापायला दिली. त्याच फोटोवर तिला मुलुंडच्या मुलाकडून पसंती आली.

मुलगा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होता, पदवीधर, घरात फक्त आई. एका दुपारी मैत्रीण पदराखाली पाकीट लपवून डेस्कपाशी आली.

"तू एकटीच बघ हं. आईला सुद्धा सांगू नकोस तुझ्याकडे आणला म्हणून," ती हळूच म्हणाली. "मला फक्त एवढंच सांग, हा असाच आहे की फोटोवाल्याने केलाय? रंगबिंग उजळवलाय का?"

मी भिंग घेतलं. फोटोला कुणाचा हात लागलेला नव्हता. कपाळ रुंद, नजर शांत, उजव्या भुवईच्या मधोमध जुन्या जखमेची चीर. ती चीरसुद्धा झाकली नव्हती.

"खरा आहे," मी म्हटलं.

"बघ ना, किती साधा आहे!" ती एकदम उजळून म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे आजचा दिवस. उजेडात नीट बघते." तिने विश्वासाने पाकीट ठेवलं आणि गेली.

ती भुवई मी आधी पाहिली होती. वर्षभरापूर्वी एक जोडपं आलं होतं, बाईच्या मांडीवर तान्हं मूल. रिटचिंगला घेताना तो माणूस म्हणाला होता, "भुवईवरची खूण राहू द्या, ती माझीच आहे." मालक जेवायला गेल्यावर मी जुन्या निगेटिव्हांची खोकी उपसली. ती सापडली. डेस्कवर मॅट बाजू वर करून ठेवली, शेजारी मुलुंडच्या मुलाचा फोटो. निगेटिव्हमध्ये पांढऱ्या भुवईला काळी चीर, फोटोतल्या चिरेच्या अगदी त्याच बाजूला. कपाळ तसंच. जबडा तसाच वाटला. डेस्कवर सगळं उलटं दिसतं, ही गोष्ट डोक्यात आली नाही असं म्हणणं सोपं आहे. आली असेल. मी तिला थांबू दिलं नाही. मला तो माणूस तोच असायला हवा होता.

नोंदवहीत त्या जोडप्याचं नाव होतं. ते पाहिलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. वही माझ्या हाताच्या अंतरावर होती.

मालकांचा एक नियम होता. ज्याचा फोटो, पावती त्याच्या हातात, आणि पाकीट पावती दाखवील त्यालाच. नवऱ्याचा फोटो बायकोलाही पावतीशिवाय मिळायचा नाही. पुढच्या काचेच्या कपाटात लावायचा झाला तरी ते आधी विचारून घ्यायचे. हे सगळं माहीत असून मी काळोख्या खोलीत शिरले. छपाई माझं काम नव्हतं. लाल उजेडात घाईघाईने निगेटिव्ह कागदावर ठेवली, वरून काच दाबली. कागदाला मॅट बाजू लागायला हवी, ती वर राहिली. छाप जरासा धुरकट आला. का, ते पाहायला मी थांबले नाही.

संध्याकाळी मी मैत्रिणीकडे गेलेच नाही. तिच्या आईला जिन्याखाली गाठलं आणि तो छाप हातात दिला.

"मावशी, मला खात्री नाही हं, पण मला राहवेना."

खात्री नाही, एवढं मी म्हटलं होतं. पुढे कित्येक दिवस स्वतःला तेच ऐकवत राहिले. पण ते कशा आवाजात म्हटलं, ते मलाच माहीत आहे.

मावशी फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "अगंबाई! आणि ही तर गुजरातीण दिसतेय. उजव्या खांद्यावर पदर आहे हिच्या."

ती बाई माझ्यासमोर बसली होती, माझ्यासारखाच डाव्या खांद्यावर पदर घेऊन, मुलाला "बघ रे इकडे, बघ बाळा" म्हणत. तेव्हाच कळलं की छाप उलटा आहे. छाप उलटा, म्हणजे भुवईही उलटी. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं. मी ते न सांगताच जिना चढून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा मोठा भाऊ तो फोटो खिशात घालून फोर्टात गेला. मुलाला बाजूला बोलवायचं सोडून त्याने फोटो टेबलावरच टाकला. "बायकापोरं लपवून आमच्या बहिणीला फसवतोस होय रे!" सगळी कचेरी उठून उभी राहिली. फोटो शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत फिरला. कुणीतरी म्हणे हसलं, कुणीतरी म्हटलं, भुवई तर तीच.

मुलगा आरडाओरडा करणारा नव्हता. त्याने एकच विचारलं, "हा कुठल्या स्टुडिओत काढलाय?" भावाने सांगितलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुलगा भावाला बरोबर घेऊन थेट अंधेरीला आला. मी डेस्कवर होते. शेजारी त्याचा स्वतःचा फोटो पाकिटात तसाच पडलेला, अजून परत न केलेला.

मालकांनी छाप हातात घेतला. आधी त्यांना तो धुरकटपणा खटकला. मग म्हणाले, "कोटाचा वरचा खिसा उजवीकडे कसा? कुठला शिंपी शिवतो असा?" भिंतीवरच्या आरशासमोर त्यांनी छाप धरला. आरशात खिसा डावीकडे गेला, बाईचा पदर डाव्या खांद्यावर आला आणि माणसाची चीर डाव्या भुवईत गेली. मुलुंडचा मुलगा शेजारी उभा होता. त्याची उजवीत.

"तुमचा नव्हे हा माणूस," मालक भावाला म्हणाले. "कानसुद्धा बघा. फोटोतल्याची पाळी सुटी आहे, ह्यांची गालाला चिकटलेली. भिंग देऊ?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "मग हा आहे कोण?"

"ते मी सांगणार नाही. त्यांनी फोटो काढायला पैसे दिले, नाव सांगायला नाही. तुमची चूक निस्तरायला त्यांचं नाव कशाला?"

मग ते माझ्याकडे वळले. "कुणी छापला हा?"

"मी," मी म्हटलं.

"कुणाला विचारून?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. आपला फोटो माझ्या डेस्कवर पडलेला पाहून तो म्हणाला, "हा इथे कसा? मी तो एका घरी दिला होता." आणि उचलून खिशात घातला.

रविवारी मालकांनी मला बोरिवलीला त्या जोडप्याकडे नेलं. आम्ही कशासाठी आलो, ते त्यांनी दारातच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. नवरा चिडला. बायको चिडली नाही. मूल कडेवर घेऊन तिने मला विचारलं, "माझा फोटो कोणाकोणाच्या हातात गेला?"

मी आठवून सांगितलं. चाळीतल्या मावशी, भाऊ, फोर्टातली कचेरी.

"त्या कचेरीतल्या लोकांनी काय समजून बघितला मला?"

लपवून ठेवलेली बाई समजून. मला ते बोलता येईना. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं. ती आत गेली आणि परत बाहेर आलीच नाही. मालकांनी छाप आणि निगेटिव्ह दोन्ही नवऱ्याच्या हातात दिली. "यापुढे आमच्याकडे काही राहिलं नाही. त्या कचेरीत मी जाऊन सांगतो की ही घरंदाज माणसं आहेत आणि चूक आमची. फोटो मात्र आता कुणाला दाखवणार नाही." ते खरंच गेले. टेबलाटेबलापाशी जाऊन त्यांनी सांगितलं. मीही बरोबर होते. ऐकणारे फारसं लक्ष देत नव्हते. फोटो सगळ्यांनी पाहिला होता, खुलासा ऐकायला मात्र दोघेतिघेच थांबले.

मुलाने लग्नाला नकार दिला. त्याचा निरोप आला: संशय आला तर मला विचारायचं होतं, मी उत्तर दिलं असतं. जिथे आधी चार लोकांना दाखवतात आणि मग विचारतात, त्या घरी मला जावई व्हायचं नाही. निरोप ऐकला तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मैत्रीण आठवडाभराने गच्चीवर भेटली. मी वाळवणाची चादर काढत होते. तिने दुसरं टोक धरलं, घडी घालू लागली.

"तुला तो तोच वाटला होता?" तिने विचारलं.

"आधी वाटला. तुझ्या आईने पदराचं म्हटलं तेव्हा कळलं की तो नव्हे."

"म्हणजे फोटो दादाच्या हातात जायच्या आधी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

खोटं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मला तुझं बघवत नव्हतं," मी म्हटलं. "माझा फोटो तीनदा परत आला. तुझे तर मी डोळ्यांखालचे डागही मुद्दाम ठेवले होते. तरी तू पसंत पडलीस."

तिने घडी पूर्ण केली, चादर माझ्या हातात दिली. "डाग मी बघितले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरली असशील."

मालकांनी मला काढलं नाही, पण जुन्या निगेटिव्हांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. मी आणखी काही महिने तिथे टिकले आणि मग स्वतःच सोडलं. मैत्रिणीचं लग्न दोन वर्षांनी दादरला झालं. आमंत्रण सगळ्या चाळीला होतं, म्हणून आम्हालाही आलं. मी गेले, लांबच्या रांगेत बसले. नवरा मुलगा ठेंगणा होता, हसरा होता. फोटोवाला सगळ्यांना जवळ बोलवत होता. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, बोलावलं नाही, आणि मी उठले नाही.