पाचास तीन, विरुद्ध

सकाळी निघताना आईने दारातच बजावलं होतं, "बाय माझे, थंय शहाणपण दाखवू नको हां. सर सांगतत तसाच शिकव." माझं तोंड तिला ठाऊक. आधीच्या दोन क्लासमधून मी त्या तोंडापायीच बाहेर पडले होते. हा घाटकोपरचा क्लास हातचा गेला असता, तर मामाच्या ऑफिसात एंट्र्या मारत बसायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. मला शिकवायचं होतं. दुसरं काही मला येतही नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर क्लास. डेमो लेक्चर म्हणजे आमच्या धंद्यातली वधूपरीक्षाच. मालक-सर हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर बसतात, आणि त्यांच्याच छापील नोट्समधलं एक गणित तुम्ही बारावी कॉमर्सच्या पोरांसमोर सोडवायचं. खडू दोनदा तुटला, तशी मागून कुणीतरी खिदळलं.

गणित ऑड्सचं होतं, म्हणजे घडण्या-न घडण्याच्या प्रमाणाचं: एक प्रश्न दोघांना दिला. पहिल्याला तो सुटण्याच्या विरुद्ध ऑड्स पाचास तीन. दुसऱ्याला सुटण्याच्या बाजूने ऑड्स तीनास दोन. दोघं आपापलं सोडवतात, तर प्रश्न सुटण्याची संभाव्यता किती?

"विरुद्ध म्हटलं ना, की पहिला आकडा न सुटण्याचा," मी म्हटलं. "पाच न सुटण्याचे, तीन सुटण्याचे, एकूण आठ. म्हणजे पहिल्याला न सुटण्याची संभाव्यता पाच छेद आठ. पाच छेद तीन नाही हं, खाली नेहमी बेरीज येते. दुसऱ्याचे ऑड्स बाजूने आहेत, म्हणून त्याला न सुटण्याची दोन छेद पाच. दोघांनाही न सुटण्याची? गुणा. दहा छेद चाळीस, म्हणजे पाव. एकातून पाव गेला. सुटण्याची संभाव्यता तीन छेद चार."

मग पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, नोट्समध्ये सतरा छेद वीस आहे."

वाट लागली! मीच चुकले की काय? पाठ करून पुन्हा फळ्याकडे वळले. पहिल्याला सुटण्याची तीन छेद आठ. ती परत ऑड्समध्ये न्यायची, तर सुटण्याचे तीन आणि न सुटण्याचे उरलेले पाच. म्हणजे विरुद्ध पाचास तीन. बरोबर होतं की! मग सतरा छेद वीस आलं कुठून? पाच हा आकडा सुटण्याच्या बाजूचा धरून बघितला. मग न सुटण्याची तीन छेद आठ, गुणिले दोन छेद पाच, तीन छेद वीस. एकातून वजा केले, तर सतरा छेद वीस. छापणाऱ्याने 'विरुद्ध' हा शब्द वाचलाच नव्हता.

आणि छापणारा शेवटच्या बाकावर बसला होता.

आईचा आवाज कानात होता, गप रव. मी खरंच गप्प राहिले असते. देवाशपथ सांगते, नोट्सवर बोट न ठेवता पुढच्या गणिताकडे वळायचं मी मनात ठरवलंही होतं. पण त्या मुलीने वर बघितलं. "मग बोर्डाला कुठलं लिहू, मॅडम? मी रिपीटर आहे."

"तीन छेद चार," मी म्हटलं. "नोट्स चुकल्यात. खोड ते."

सर उठले. अगदी गोड आवाजात म्हणाले, "छान. आम्ही कळवतो हं." कळवतो म्हणजे काय, हे मुंबईत कुणाला सांगायला लागत नाही. मी पर्स उचलली आणि निघाले.

जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. तीच मुलगी, हातात बाटली. पाणी भरायच्या निमित्ताने निसटली असणार. "मॅडम, मागच्या वर्षी बोर्डाला असंच आलेलं. मी नोट्ससारखं केलं. थोडक्यात राहिले." मग म्हणाली, "उद्यापासून तुम्हीच ना?"

मी तोंड उघडलं तोच वरून सरांचा आवाज आला. "कुणी काही खोडलं असेल तर पुन्हा लिहा. सतरा छेद वीस. परीक्षेच्या तोंडावर गोंधळ नको."

तिने माझ्याकडे बघितलं, मग वर. तिची वही वर बाकावरच होती. ती वळली आणि पायऱ्या चढू लागली. नोकरीची भीती माझ्या मनातून केव्हाच गेली होती. आता मला तिच्या पेपरची भीती वाटत होती.

"ए!" मी खालून ओरडले. वर ऐकू गेलं तर गेलं. "आकडे नंतर! आधी 'विरुद्ध' लिहिलंय का बघ गं!"